एका हाताचे बीपी पुरेसे नाही

दवाखान्यात गेलो की सिस्टर किंवा कंपाउंडर आपल्या एका हाताला पट्टा गुंडाळतात, फुगवतात, कागदावर आकडा लिहितात. जो हात जवळ असेल त्याच हाताचे बीपी मोजले जाते, आणि बहुतेक वेळा तेवढे पुरतेही. पण पंधरा ते चाळीस वर्षांच्या मुलींना आणि बायकांना होणारा एक आजार असा आहे की त्यात एका हाताचा आकडा साफ खोटा असू शकतो. शरीरात बीपी वाढलेले असते आणि कागदावर मात्र "बीपी लो" असे लिहिले जाते. या आजाराचे नाव ताकायासू. त्याला नाडी हरवण्याचा आजार असेही म्हणतात, कारण मनगटावरची नाडी हाताला लागेनाशी होते.

आजार समजायला सोपा जावा म्हणून एका मुलीचे उदाहरण घेऊ. तिला आपण करुणा म्हणू. या आजाराच्या मुलींच्या बाबतीत जे नेहमी घडते तेच तिच्याबाबतीत घडले, असे समजा.

करुणाचा डावा हात

करुणा बावीस वर्षांची. सकाळी घरकाम आणि दुपारी शिलाई मशीनवर काम. सहा महिन्यांपासून तिला संध्याकाळी बारीक ताप यायचा, अंग मोडून यायचे, भूक लागत नव्हती. वजन 46 किलोवरून 42 वर आले. नाक्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन 9 आणि ईएसआर 80. ईएसआर म्हणजे अंगात कुठेतरी दाह चालू आहे हे सांगणारी साधी रक्ततपासणी. तरुण बाईचा ईएसआर साधारण वीसच्या आत असतो. डॉक्टरांना आधी टीबीची शंका आली, आणि आपल्याकडे ती येणे बरोबरच आहे. छातीचा एक्स-रे काढला, थुंकी तपासली. दोन्हीत काही सापडले नाही. मग रक्तवाढीच्या गोळ्या आणि टॉनिक सुरू झाले.

पुढे डावा हात दुखू लागला. नुसते बसून राहिले तर काही नाही. पण ओली चादर पिळायला घेतली किंवा दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर केला की दोन मिनिटांत हात भरून यायचा, जड व्हायचा, खाली सोडावा लागायचा. थोडे थांबले की बरे वाटायचे. डोकेही दुखायचे, मधूनच डोळ्यांपुढे अंधारी यायची. पुन्हा दवाखाना झाला. डाव्या हाताचे बीपी 88/60 निघाले. "बीपी लो आहे, मीठ-साखरेचे पाणी पीत जा," असे सांगितले गेले. करुणा मीठ घालून सरबत पिऊ लागली. डोकेदुखी वाढली.

एके दिवशी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात सिस्टरने डाव्या हाताला डिजिटल मशीन लावले. मशीन दोनदा फुगले आणि दोनदा एरर दाखवून बंद पडले. अशा वेळी मशीन बिघडले असे समजून सोडून दिले जाते. या सिस्टरने मात्र करुणाचे मनगट धरले. नाडी लागेना. तिने दुसऱ्या हाताने उजवे मनगट धरले. तिथे नाडी टणटणीत होती.

"हा हात काम करताना दुखतो का गं?" तिने विचारले.

उजव्या हाताचे बीपी निघाले 166/104. दोन हातांच्या वरच्या आकड्यांत 78 चा फरक. करुणाचे बीपी कमी नव्हतेच, ते धोकादायक वाढलेले होते. डावा हात ते लपवत होता.

नाडी का हरवते

हृदयातून निघणारी रक्ताची सर्वांत मोठी नळी म्हणजे महाधमनी. ती छातीत कमानीसारखी वळते आणि पोटात उतरते. कमानीवरून हातांना आणि मेंदूला जाणाऱ्या फांद्या फुटतात, पोटात मूत्रपिंडांना जाणाऱ्या. ताकायासूच्या आजारात आपल्याच शरीराची रोगप्रतिकारशक्ती या नळ्यांच्या भिंतींवर चाल करून जाते. भिंत सुजते, जाड होते, आणि काही महिन्यांत तिथे जखमेच्या वणासारखा कडक थर तयार होतो. नळी बाहेरून तेवढीच दिसते, पण आतली वाट अरुंद होत जाते. क्वचित उलटे होते. भिंत कमजोर होऊन नळी फुग्यासारखी फुगते.

म्हणून हा आजार दोन टप्प्यांत दिसतो. आधी दाहाचा टप्पा असतो. त्यात ताप, थकवा, वजन घटणे, सांधे दुखणे, कधी मानेच्या पुढच्या बाजूला नळीवर दाबले की दुखणे. हा टप्पा टीबी किंवा अशक्तपणा समजून निघून जातो. काहींना तो जाणवतही नाही. नंतर वाट अरुंद झाल्याची लक्षणे येतात. हाताची नळी अरुंद झाली की स्वस्थ असताना हाताला रक्त पुरते, पण पिळणे, घासणे, केस विंचरणे अशा कामात पुरत नाही, म्हणून हात भरून येतो. मेंदूकडची नळी अरुंद झाली की चक्कर आणि अंधारी. नळी हळूहळू अरुंद होत असल्यामुळे आजूबाजूच्या बारीक नळ्या रुंद होऊन आडवाटेने रक्त पोचवू लागतात. म्हणूनच नाडी लागत नसली तरी हात सहसा काळा पडत नाही आणि दुखणे लवकर कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता बीपीचे कोडे. मूत्रपिंडाची नळी अरुंद झाली की त्याच्याकडे रक्त कमी येते. मूत्रपिंडाला वाटते, सगळ्या शरीराचाच दाब कमी झाला आहे. ते दाब वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते आणि शरीराचे बीपी चढते. भारतातल्या रुग्णांत पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या नळ्या जास्त वेळा सापडतात. त्यामुळे आपल्याकडे तरुण मुलीचे वाढलेले बीपी हीच या आजाराची मोठी खूण आहे. करुणाला दोन्ही होते. मूत्रपिंडामुळे बीपी चढलेले आणि डाव्या हाताची नळी अरुंद असल्यामुळे तो चढलेला दाब त्या हातापर्यंत पोचतच नव्हता. नळाला पाणी जोरात असते, पण पाइप दुमडला की पुढे धार बारीक लागते, तसे.

आजाराला ज्यांचे नाव मिळाले ते मिकितो ताकायासू जपानमधले डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी 1908 साली एका तरुण बाईच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचे विचित्र कडे झालेले दाखवले. त्याच सभेत दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले की अशा डोळ्यांच्या रुग्णांच्या मनगटाची नाडी लागत नाही. डोक्याकडे रक्त कमी जात असल्याने डोळ्यात तो बदल झाला होता.

तपासणी कशी व्हावी

पहिली तपासणी फुकट आहे. पाच मिनिटे शांत बसायचे, हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर ठेवायचा, आधी एका आणि लगेच दुसऱ्या हाताचे बीपी मोजायचे. दोन हातांत थोडाफार फरक सगळ्यांनाच असतो. वरच्या आकड्यांत 10 पेक्षा जास्त फरक दिसला तर पुन्हा मोजायचे. दोन-तीन वेळा तोच फरक येत असेल तर डॉक्टरांना दाखवायचे. 20 किंवा त्याहून जास्त असेल तर थांबायचेच नाही. दोन्ही मनगटांची नाडी एकाच वेळी धरून पाहिली की एक बाजू मंद आहे का हे घरातल्या माणसालाही कळते. अंगठ्याच्या बुडाशी तीन बोटे हलकेच ठेवायची, जोरात दाबायचे नाही.

दोन्ही हातांच्या नळ्या अरुंद असतील तर दोन्ही आकडे खोटे निघतात. अशा वेळी मांडीला मोठा पट्टा बांधून पायाचे बीपी घेतात. एरवी पायाचा वरचा आकडा हातापेक्षा थोडा जास्तच असतो. तो हातापेक्षा कमी निघाला तर पोटातली महाधमनी अरुंद असण्याची शंका घ्यावी लागते. डॉक्टर मानेवर, हाडकुळीच्या वर आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकतात. अरुंद जागेतून रक्त जाताना फुसफुस असा आवाज येतो.

दोन हातांच्या फरकाला दुसरी कारणेही असतात. म्हाताऱ्या माणसांत, तंबाखू ओढणाऱ्यांत, मधुमेह असणाऱ्यांत नळीत चरबी साचून असे होते. पण चाळिशीच्या आतल्या बाईत असा फरक दिसला तर ताकायासूचा विचार आधी करावा.

करुणाला आरोग्य केंद्रातून मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवले. तिथे मानेच्या आणि हातांच्या नळ्यांची डॉपलर सोनोग्राफी झाली. नंतर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य देऊन सगळ्या नळ्यांचे चित्र. हे करण्याआधी मूत्रपिंडाची रक्ततपासणी आणि मुलगी गरोदर नाही याची खात्री करतात. चित्रात दिसले की डाव्या हाताची नळी मुळाशीच जवळजवळ बंद आहे आणि डाव्या मूत्रपिंडाची नळी अर्ध्याहून जास्त अरुंद आहे. नळ्यांच्या भिंती जाड झालेल्या होत्या.

"मॅडम, हिला तर लो बीपी आहे म्हणून सांगितलं होतं," करुणाची आई म्हणाली.

"मावशी, तो आकडा डाव्या हाताचा होता," डॉक्टरांनी सांगितले. "हिचा खरा हात उजवा."

आईचा दुसरा प्रश्न होता, हा आजार दुसऱ्याला लागतो का. नाही. ताट, पाणी, कपडे, शेजारी झोपणे यातून तो पसरत नाही. हा कॅन्सरही नाही. टीबीशी याचे नाते असेल असे डॉक्टरांना फार वर्षे वाटत आले आहे, पण टीबीमुळेच हा होतो असे सिद्ध झालेले नाही. तरीही औषध सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. कारण पुढे द्यायची औषधे प्रतिकारशक्ती कमी करतात, आणि अंगात झोपलेला टीबी त्यामुळे जागा होऊ शकतो.

औषधे आणि त्यातले धोके

उपचाराचे पहिले काम म्हणजे भिंतीतला दाह थांबवणे. त्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात. सुरुवातीचा डोस साधारण एका किलो वजनाला एक मिलिग्रॅम. करुणाला रोज सकाळी नाश्त्यानंतर 40 मिलिग्रॅम सुरू झाले. महिनाभर हा डोस, मग हळूहळू कमी करत दोन-तीन महिन्यांत 15 ते 20 वर आणि वर्षभरात 10 किंवा त्याखाली आणायचा, असा बेत असतो. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. साखर मधूनमधून तपासावी लागते.

नुसत्या स्टिरॉइडवर बरेच रुग्ण टिकत नाहीत. डोस कमी केला की दाह परत उठतो. म्हणून सुरुवातीपासूनच दुसरे औषध जोडतात. ते बहुधा मेथोट्रेक्सेट असते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने पाठ करावे. चुकून रोज घेतली तर रक्त बनवणारी मज्जा बंद पडते, तोंडात फोड येतात, जीवही जाऊ शकतो. एक वार ठरवावा, जसे की रविवार, आणि कॅलेंडरवर खूण करावी. सोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी असते, ती डॉक्टर सांगतील त्या वारी. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळसर असू शकतात, म्हणून वेगवेगळ्या डब्यांत ठेवाव्यात. रक्तपेशी आणि लिव्हर यांची तपासणी ठरल्या वेळी करून घ्यावी. तोंड आले, ताप आला, अंगावर निळे डाग उठले तर पुढची गोळी न घेता दाखवायला जावे.

सहा आठवड्यांत करुणाचा ताप गेला. ईएसआर 18 वर आला. वजन वाढले. आणि इथेच घोळ झाला. स्टिरॉइडने चेहरा गोल झाला, गालावर फोड्या आल्या. पाहुणे बघायला येणार होते. शेजारची बाई म्हणाली, "स्टिरॉइडच्या गोळ्या फार वाईट, बंद कर." चौथ्या महिन्यात करुणाने सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या.

स्टिरॉइड महिनोन्महिने घेतल्यावर शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवणे थांबवते. गोळी अचानक बंद केली तर शरीराकडे काहीच उरत नाही. उलट्या, हातपाय गळणे, चक्कर येऊन पडणे हे काही दिवसांतच सुरू होऊ शकते. करुणाला हेच झाले. पुढच्या काही आठवड्यांत ताप परतला, ईएसआर पुन्हा 64 झाला. डोस पुन्हा वाढवावा लागला आणि कमी करण्याची सगळी वाट पहिल्यापासून चालावी लागली. चेहऱ्याची सूज डोस कमी होत गेला तशी आपोआप उतरली. ती उतरतेच. अरुंद झालेली नळी मात्र अशी आपोआप उघडत नाही.

बीपीसाठी तिला अ‍ॅम्लोडिपिन दिले. बीपीच्या काही दुसऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, या आजारात जपून वापरतात. दोन्ही मूत्रपिंडांच्या नळ्या अरुंद असतील तर त्या गोळ्यांनी मूत्रपिंडच बंद पडू शकते. गरोदरपणातही त्या चालत नाहीत. म्हणून शेजाऱ्याची बीपीची गोळी आपल्याला चालेल असे समजू नये.

मेथोट्रेक्सेटने काम भागले नाही तर अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट आणि टोसिलिझुमॅबसारखी महागडी इंजेक्शने असतात. पहिली औषधे मात्र स्वस्त आहेत आणि सरकारी रुग्णालयात मिळू शकतात.

फुगा केव्हा घालायचा

"नळी बंद आहे तर लगेच उघडून का देत नाही?" असा प्रश्न प्रत्येक घर विचारते. जांघेतून बारीक नळी घालून फुगा फुगवायचा आणि अरुंद जागा रुंद करायची, ही अँजिओप्लास्टी या आजारातही होते. पण भिंतीत दाह पेटलेला असताना फुगा घातला तर सुजलेली जागा लवकरच पुन्हा आवळते. म्हणून जिवावर बेतलेले नसेल तर आधी औषधाने दाह विझवायचा, काही महिने तो शांत राहतो का पाहायचे, मग फुगा. करुणाच्या मूत्रपिंडाच्या नळीला दीड वर्षाने फुगा घातला. बीपीच्या दोन गोळ्यांची एक झाली. अशा शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्यावे.

डाव्या हाताला मात्र काही केले नाही. आडवाटांनी हाताला पुरेसे रक्त येत होते. तिची डावी नाडी आजही लागत नाही. याचा अर्थ उपचार फसला असा नाही. ताप नाही, नव्या जागी नळी अरुंद होत नाही, उजव्या हाताचे बीपी ताब्यात आहे, हीच उपचार लागू पडल्याची खूण. एकटा ईएसआर पाहून भागत नाही. कधी तो चांगला असूनही आतून दाह चालू असतो. त्यामुळे दर भेटीत चारही हातापायांची नाडी आणि बीपी, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा चित्र, हे चालू ठेवावे लागते. हा आजार अर्ध्याहून अधिक जणींत केव्हा ना केव्हा डोके वर काढतो.

लग्न आणि मूल

पाहुण्यांपुढे आजार लपवावा का, यावर करुणाच्या घरात वाद झाला. न लपवण्यामागे औषधाचेही कारण आहे. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट घेत असताना दिवस राहिले तर गर्भात व्यंग येऊ शकते, गर्भपात होऊ शकतो. नवऱ्याला आजारच माहीत नसेल तर पाळणा लांबवण्याचे कारण सांगणार कसे? मूल हवे असेल तर काही महिने आधी डॉक्टरांना सांगायचे. ते हे औषध बंद करून अ‍ॅझाथायोप्रिनसारखे गरोदरपणात चालणारे औषध सुरू करतात. दाह निदान सहा महिने शांत आणि बीपी ताब्यात असेल तर या आजाराच्या बऱ्याच बायका नीट बाळंत होतात. गरोदरपणात खरा धोका बीपी चढण्याचा, आणि तेही खोट्या हातावर मोजल्यामुळे न कळण्याचा. बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करावे.

अचानक बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, एका बाजूची ताकद गेली, एका डोळ्याची दृष्टी गेली, छातीत दुखू लागले किंवा दम लागून आडवे झोपता येईना, तर सकाळची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा.

करुणाच्या केसपेपरच्या फाइलवर डॉक्टरांनी लाल पेनने मोठ्या अक्षरांत लिहून दिले आहे: "बीपी फक्त उजव्या हातावर मोजावे." ती दात काढायला गेली तरी ती फाइल पुढे करते. तुमच्या घरात एखाद्या मुलीचा हात पिळता-घासताना भरून येत असेल, किंवा ऐन तरुणपणी डोके दुखते आणि अंधारी येते असे ती सांगत असेल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात पट्टा एका हातावरून सुटला की दुसरा हात पुढे करायला सांगा.